दहापैकी पाच

शाळेतून ‘प्रकल्प’ आला की आपल्या घरांत काय धावपळ होते, हे आम्हांला चांगलं ठाऊक आहे. आठ दिवस वही दप्तरात पडून असते. शेवटच्या रात्री जेवणाच्या दस्तरखानावर मुलाला आठवण येते. मग अब्बा चप्पल घालून कार्डशीट आणायला निघतात, भाईजान मोबाईलवर शोधाशोध करतात, आपा सुंदर अक्षरात मथळे काढून देते आणि सकाळी एक देखणी फाईल शाळेत पोहोचते. आमच्यासारखे शिक्षक ती फाईल उघडतात, दोन पानं चाळतात आणि दहापैकी आठ लिहून पुढची उचलतात. गेल्या हिवाळ्यापर्यंत आम्हीही असेच गुण देत होतो. एका मुलीच्या साध्या प्रश्नाने आमची ही सवय मोडली. ती हकीकत या वेळी सांगायची आहे, कारण तिच्यात आमची चूक आहे आणि ती चूक घरोघरी होण्यासारखी आहे.

आठवीच्या वर्गाला आम्ही गणिताचा एक शोध-प्रकल्प दिला होता. काम असं: तीन अंकी कोणतीही संख्या घ्या. तिचेच अंक वापरून मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या बनवा. मोठीतून लहान वजा करा. जी बाकी येईल तिच्याशी पुन्हा हेच करा, आणि करत राहा. काय दिसतं ते शोधा. सगळ्या संख्यांना लागू पडेल असं काही सांगता येतं का ते पाहा. आणि आपल्याला जे सापडलं ते वर्गातल्या दुसऱ्या मुलाला समजेल असं लिहा.

एक उदाहरण करून पाहू. ३५२ घ्या. मोठ्यात मोठी ५३२, लहानात लहान २३५, बाकी २९७. आता २९७ चे अंक: ९७२ वजा २७९, बाकी ६९३. पुढे ९६३ वजा ३६९, बाकी ५९४. पुढे ९५४ वजा ४५९, बाकी ४९५. आणि ४९५ चे अंक पुन्हा तेच, म्हणून ९५४ वजा ४५९, पुन्हा ४९५. इथे गाडी थांबते. दुसरी संख्या घेतली तरी बहुधा इथेच येऊन थांबते.

हा खेळ आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. डहाणूला १९०५ मध्ये जन्म, १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत शाळेत शिकवणं, आणि फावल्या वेळात संख्यांशी खेळणं. चार अंकी संख्यांशी हीच कृती केली तर शेवटी ६१७४ येते, हे त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं. पुढे साऱ्या जगात ती संख्या त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. आम्ही मुद्दाम चारऐवजी तीन अंक दिले होते. ६१७४ कुठेही वाचायला मिळते; तीन अंकांचं काम मुलांनी स्वतःच्या हाताने करावं, एवढाच हेतू होता.

चाळीसएक प्रकल्प जमा झाले. त्यांतल्या दोघांची गोष्ट सांगतो.

पहिला एका मुलाचा. रंगीत छपाई, चौदा पानं, प्लास्टिकचं कव्हर, आत कापरेकरांचा फोटो आणि चरित्र, शेवटी निष्कर्ष: ‘सर्व चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ वर येतात.’ उदाहरण एकच, ३५२४ चं, आणि तेही बरोबर. आम्ही तीन अंक सांगितले होते, याने चार केले, म्हणजे जास्तच केलं, असं म्हणून आम्ही नऊ गुण दिले.

दुसरा एका मुलीचा. तिचे वडील मिरचीच्या पथारीवर हिशोब लिहितात. जुन्या वहीची सहा पानं, टाचणी लावलेली. अक्षर गिचमिड, भाषा उर्दू-मराठीची खिचडी: फरकाला ‘फर्क’, उलट्या संख्येला ‘उलटी रकम’. ठिकठिकाणी खोडाखोड. आणि शेवटी एक ठळक वाक्य: ‘ज्या रकमेत सर्वांत मोठा आणि सर्वांत छोटा अंक यांचा फर्क १ आहे ती ० वर जाते. बाकी सर्व ४९५ वर.’ आम्हांला उत्तर माहीत होतं. सगळे अंक सारखे असतील तेवढ्या संख्या सोडल्या तर सगळ्याच ४९५ वर जातात. शून्यावर जाणाऱ्या दुसऱ्या नाहीतच. म्हणून त्या वाक्यावर लाल शाईने फुली मारली आणि पाच गुण लिहिले.

प्रकल्प परत दिले त्या दिवशी सुटीनंतर ती मुलगी टेबलाशी येऊन उभी राहिली. तक्रार नाही, रडणं नाही. वही उघडून म्हणाली, “सर, १०० ची मोठ्यात मोठी १००, लहान १. बाकी ९९. आता ९९ ला अंक दोनच आहेत. तिसरा अंक मी कुठून आणू?”

आम्ही तोंड उघडलं आणि मिटलं. “उद्या सांगतो” म्हणून तिची वही घरी आणली.

रात्री जेवणं झाल्यावर वही नीट वाचायला बसलो. पहिल्या वेळी आम्ही फक्त शेवटचं वाक्य वाचलं होतं, हे तेव्हा उमगलं. ९९ ही दोन अंकी संख्या मानली तर ९९ वजा ९९, बाकी शून्य. तीच संख्या ०९९ अशी तीन अंकी लिहिली तर ९९० वजा ०९९, बाकी ८९१, आणि तिथून गाडी पुढे चालू लागते: ७९२, ६९३, ५९४, ४९५. म्हणजे पुढचं शून्य ठेवायचं की टाकायचं, यावर उत्तर अवलंबून आहे. कापरेकरांच्या कृतीत शून्य ठेवतात. चार अंकांत १००० घेतली तर पहिली बाकी ०९९९ अशीच लिहावी लागते, तेव्हाच ती ६१७४ पर्यंत जाते. पण हे आम्ही मुलांना सांगितलंच नव्हतं! मुलीने शून्य टाकलं होतं, आणि शून्य टाकायचं ठरवलं तर तिचं वाक्य शब्दशः खरं आहे. १००, २११, ४३३, ९९८, अशी जिथे फरक १ तिथे पहिली बाकी ९९ आणि मग शून्य. बाकी एकही संख्या वाटेत ९९ वर येत नाही. सगळे अंक सारखे असलेल्या १११, २२२ वगैरे तिने पहिल्याच पानावर ‘या लगेच ०’ म्हणून बाजूला काढल्या होत्या.

म्हणजे आम्ही ज्या वाक्यावर फुली मारली तो त्या चाळीस प्रकल्पांतला एकमेव असा निष्कर्ष होता, जो कोणत्याही पुस्तकातून उचललेला नव्हता. आणि ज्याला नऊ दिले त्यात मुलाने स्वतः शोधलेलं काहीच नव्हतं.

त्या रात्री आम्ही गुणांचा कागद पुन्हा आखला. आपल्या राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत ‘प्रकल्प’ हे एक साधन आहे. पण प्रकल्पात नेमकं काय मोजायचं हे शिक्षकाने आधी ठरवलं नाही तर तो सजावट मोजतो. आम्ही तीन रकाने केले: शोध ४ गुण, सामान्यीकरण ३ गुण, मांडणी ३ गुण. प्रत्येक गुणापुढे एक प्रश्न लिहिला, ज्याचं उत्तर वहीकडे बोट दाखवून ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं देता येईल.

शोधाचे चार प्रश्न असे. वेगवेगळ्या जातीची उदाहरणं घेतली का? नुसत्या ३५२, ६४१ अशा सरळ संख्या नव्हेत, तर शून्य असलेली ५०७, दोन अंक सारखे असलेली ४३३, सगळे सारखे असलेली २२२ सुद्धा. दुसरा, उदाहरणं कुठल्या तरी क्रमाने लावली का? तिसरा, जे विचित्र निघालं त्याच्या मागे गेला का, की ते खोडून टाकलं? चौथा, स्वतःचा एखादा पुढचा प्रश्न विचारला का?

मुलीने सव्वीस संख्या घेतल्या होत्या. पहिल्या दहा जशा सुचल्या तशा. अकराव्या पानापासून म्हणू नका, अकराव्या ओळीपासून तिने पद्धत बदलली होती: मोठ्या आणि छोट्या अंकातला फरक १ असलेल्या एका ओळीत, फरक २ असलेल्या दुसऱ्या ओळीत, असं ९ पर्यंत. ही जागा वहीत सापडली की तपासणाऱ्याने थांबावं. मुलाने तिथे संख्या गोळा करणं सोडून विचार करायला सुरुवात केलेली असते. आणि १०० शून्यावर गेली तेव्हा तिने ती खोडली नाही. तशाच आणखी तीन शोधून पाहिल्या. स्वतःचा नवा प्रश्न मात्र तिने विचारला नव्हता. शोधाचे चारपैकी तीन.

सामान्यीकरण हा शब्द जड आहे, अर्थ साधा आहे: काही संख्यांत दिसलेली गोष्ट सगळ्या संख्यांसाठी सांगणं. त्याच्या तीन पायऱ्या आम्ही मानल्या. पहिली, जे दिसलं ते अटींसकट सगळ्यांसाठी वाक्यात सांगितलं का? दुसरी, त्या वाक्यावरून न केलेल्या संख्येचं उत्तर आधी सांगून मग पडताळलं का? तिसरी, असं का होतं याचं कारण दिलं का?

बहुतेक मुलं पहिल्या पायरीवर थांबतात. ‘मधला अंक नेहमी ९ येतो’ असं चौदा जणांनी लिहिलं होतं. खरं आहे, पण ते बाकीच्या आकड्यांकडे बघून लिहिलेलं आहे. ते आकडे कुठून आले, इकडे कुणी पाहिलं नव्हतं. इंग्लंडमध्ये १९८८ पासूनच्या जीसीएसई परीक्षेत गणिताचा असा शोध-प्रकल्प बरीच वर्षं होता, आणि तिथेही हाच अनुभव आला. मुलं तक्ता काढत, आकड्यांतला नमुना ओळखत, सूत्र लिहीत आणि गुण घेत. प्रश्न कोणता होता हे विसरून जात. घरची मदत किती आणि मुलाचं काम किती, हेही कळेना. पुढे गणितापुरतं ते काम बंदच झालं. आपल्याकडे ते नुकतं कुठे रुजतंय, म्हणून त्यांची चूक आपल्या उपयोगी पडावी.

तर, मधला अंक ९ का? दुसऱ्या दिवशी आम्ही मुलीला हेच विचारलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग अब्बांच्या हिशोबाच्या भाषेत म्हणाली, “सर, ८७२ मधून २७८ काढायचे. दहाच्या नोटा दोन्हीकडे सातच, त्या गेल्या. शंभराच्या आठ होत्या, दोन दिल्या, सहा उरल्या. सुटे दोन होते, आठ द्यायचे, सहा कमी पडले. म्हणजे सहाशे जवळ आणि सहाचं देणं. ५९४.”

हीच ती तिसरी पायरी. मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या एकमेकींच्या उलट असतात, म्हणून मधला अंक दोन्हीकडे तोच राहतो आणि कटतो. जितके शंभर उरतात तितकेच सुटे कमी पडतात. फरक ६ असेल तर ६०० वजा ६, फरक ३ असेल तर ३०० वजा ३. थोडक्यात, बाकी म्हणजे फरकाची ९९ पट. मधला ९ त्यातूनच येतो, आणि कडेच्या दोन अंकांची बेरीज ९ होते तीही त्यातूनच.

आता या एका वाक्याने किती काम होतं पाहा. तीन अंकी संख्या ९००. सगळे अंक सारखे असलेल्या ९ सोडल्या तर ८९१ उरतात. त्या सगळ्या तपासायला महिना लागेल. पण बाकी ही फरकाची ९९ पटच असेल, तर पहिल्या वजाबाकीनंतर फक्त नऊ उत्तरं शक्य आहेत: ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. तेवढ्या नऊ तपासल्या की सगळ्या ८९१ तपासून झाल्या. १९८ मध्ये मोठा अंक ९, छोटा १, फरक ८, म्हणून पुढे ७९२. त्यात फरक ७, पुढे ६९३. त्यात ६, पुढे ५९४. त्यात ५, पुढे ४९५. आणि ४९५ मध्येही फरक ५, म्हणून तिथेच मुक्काम. २९७ थेट ६९३ ला मिळते, ३९६ थेट ५९४ ला, आणि शून्य ठेवलं तर ०९९ ही ८९१ मार्गे याच रांगेत येते. सगळ्यांत लांबचा प्रवास फरक १ असलेल्या संख्यांचा, सहा वजाबाक्यांचा. इथे ‘बहुधा’ हा शब्द संपतो आणि ‘नक्की’ सुरू होतो. सव्वीस उदाहरणांनी ‘बहुधा’ मिळतं. ‘नक्की’साठी कारण लागतं. ही दोन टोकं ओळखता आली तरच सामान्यीकरणाचे गुण देणाऱ्याला ते देण्याचा हक्क आहे, असं आम्हांला आता वाटतं.

मुलीचं कारण वहीत नव्हतं, तोंडी होतं, आणि त्यात क्ष-य काही नव्हतं. त्याला गुण द्यावेत का? आम्ही पूर्ण दिले. बीजगणिताला ज्यांच्या ग्रंथावरून अल-जब्र हे नाव मिळालं, त्या बगदादच्या अल-ख्वारिझ्मींनी नवव्या शतकात सगळी समीकरणं शब्दांतच लिहिली होती. त्यांच्या पुस्तकात आजच्यासारखी चिन्हं नाहीत. वर्ग, मूळ आणि दिरहम अशा बोलीत ते हिशोब मांडतात आणि चौकोन काढून कारण समजावतात. मग आठवीच्या मुलीने नोटा आणि सुट्यांत सांगितलेलं कारण कमी कसं? सामान्यीकरणाचे तीनपैकी तीन.

राहिली मांडणी. इथे आम्ही सगळ्यांत जास्त चुकत आलो होतो. मांडणी म्हणजे सुंदर अक्षर, रंगीत कडा आणि शुद्ध मराठी, असं धरून चालत होतो. आमच्या जिल्ह्यात मूल घरी पावरी बोलतं, भिली बोलतं, अहिराणी बोलतं, आमच्या मोहल्ल्यात दखनी-उर्दू बोलतं. शुद्ध मराठीचे गुण गणितात कापले तर ते गणिताचे गुण राहत नाहीत. म्हणून आम्ही कसोटी बदलली. प्रकल्प वर्गातल्या दुसऱ्या मुलाच्या हातात द्यायचा, एक नवी संख्या द्यायची आणि सांगायचं, ‘फक्त हे वाचून कृती करून दाखव.’ तो जिथे अडेल त्या ओळीपाशी खूण करायची. मग तीन प्रश्न: नियम इतका पूर्ण लिहिला आहे का, की दुसऱ्याला विचारावं लागू नये? उदाहरणं अशी लावली आहेत का, की नमुना डोळ्यांना दिसावा? आणि ‘मी पाहिलं’, ‘मला वाटतं’, ‘हे नक्की, कारण’ या तीन गोष्टी वाचणाऱ्याला वेगवेगळ्या कळतात का?

मुलीची वही शेजारच्या बाकावरच्या मुलाला दिली. त्याने ‘फर्क’ आणि ‘उलटी रकम’ यांवर एकदाही अडखळ घेतली नाही. अडला तो नेमका १०० वर: “सर, हिने शून्य कुठे टाकलं ते लिहिलंच नाही.” तो गुण तिला मिळाला नाही, आणि तो न मिळणं न्यायाचं होतं. तिचा निष्कर्ष खरा होता, पण कोणत्या नियमाखाली खरा, हे वाचणाऱ्याला कळत नव्हतं. आमच्यासारख्या शिक्षकाची फुली त्यामुळेच पडली. मांडणीचे तीनपैकी दोन. बेरीज आठ.

आता त्या चौदा पानांच्या फाईलकडे वळू. नीटनेटकी फाईल म्हणजे नक्कल, असं मुळीच नाही. काही मुलं स्वतःचं काम सुंदर लिहितात. आणि नुसत्या संशयावर गुण कापणं हा अन्याय आहे. म्हणून आम्ही सगळ्याच मुलांशी दोन-दोन मिनिटं बोलायचं ठरवलं, एकट्या त्याच्याशी नाही. प्रत्येकाला एकच ठरलेला प्रश्न: ‘तुझा नियम कोणत्या संख्येला लागू पडत नाही?’ ६१७४ का येते, हे विचारलं नाही. ते सांगणं आठवीच्या मुलाला जड जाईल आणि त्याने काहीच सिद्ध होणार नाही. पण ५५५५ घेतली तर पहिल्याच पायरीला शून्य येतं, हे ज्याने हाताने चार संख्या केल्या त्याला सांगता येतं. मुलगा म्हणाला, “सगळ्यांना लागू पडतो, सर. लिहिलंय तसं.” आम्ही ५५५५ पुढे ठेवली. त्याने वजाबाकी केली, शून्याकडे पाहिलं, आणि खरं सांगून टाकलं. फाईल भाईजानने केली होती.

शोध शून्य, सामान्यीकरण शून्य, मांडणी दोन. नवावरून दोनावर. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील शाळेत आले. आवाज चढलेला नव्हता, पण चेहरा पडला होता. “सर, छपाईला पाचशे रुपये गेले. पोराने कापरेकरांचं चरित्र पाठ केलं. आणि दोन?” आम्ही आमच्या चुकीपासून सुरुवात केली: नऊ दिले तो आमचा गुन्हा होता, कारण काय मोजणार हे आम्ही मुलांना आधी सांगितलंच नव्हतं. मग त्यांना तीन रकान्यांचा कागद दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, “म्हणजे खोडाखोड असली तरी चालते?” आम्ही म्हणालो, “चुकलेली वजाबाकी एका रेघेने खोडावी, पण पान फाडू नये. मूल कुठून कुठे गेलं ते त्या पानावर दिसतं, आणि शोधाचे गुण तिथेच असतात.”

नियम आम्ही उशिरा सांगितले, म्हणून ज्यांना हवं त्या सगळ्यांना एक आठवडा आणखी दिला. त्या मुलालाही. काम त्याने स्वतः निवडलं: दोनच अंक घेऊन हीच कृती. आठवड्याने तो एक चतकोर वही घेऊन आला, आत भरपूर खोडाखोड. त्याला वाटलं होतं, चारला ६१७४, तीनला ४९५, तर दोनलाही एखादी संख्या मिळेलच. मिळाली नाही. ९० वजा ०९, ८१. ८१ वजा १८, ६३. ६३ वजा ३६, २७. ७२ वजा २७, ४५. ५४ वजा ४५, पुन्हा ०९. गाडी थांबत नाही, पाच स्टेशनांवर गोल फिरत राहते. त्याने खाली लिहिलं होतं: ‘माझा अंदाज चुकला. ९ हा ०९ असा लिहिला आहे, कारण नाहीतर पुढे जाता येत नाही.’ शून्याचा नियम त्याने पहिल्याच पानावर मांडला होता. मुलीच्या वहीत जे राहून गेलं होतं, ते त्याने वर्गातल्या चर्चेतून उचललं होतं. बाकी नेहमी फरकाची नऊ पट येते हे त्याने लिहिलं, पण का येते ते सांगता आलं नाही. सामान्यीकरणाचा एक गुण तिथे गेला, बेरीज आठ झाली.

या कागदाने सगळं सुटलं असं नाही. ‘क्रमाने लावली का’ या प्रश्नावर आम्ही आणि आमचे सहकारी अजून वाद घालतो. म्हणून आता पाच प्रकल्प नावं झाकून एकमेकांकडून तपासून घेतो. दोघांच्या बेरजेत दोनपेक्षा जास्त फरक पडला तर वहीकडे बोट दाखवून बोलतो, आणि बहुतेक वेळा आमच्यापैकी एकाने एखादं पान वाचलेलंच नसतं, असं निघतं.

घरच्यांसाठी यातलं एवढंच घेण्यासारखं आहे. मूल प्रकल्प घेऊन बसलं की त्याला उत्तर शोधून देऊ नका. एक संख्या तुम्ही द्या, आणि ती करायच्या आधी विचारा, ‘काय येईल सांग?’ बरोबर आलं तर विचारा, ‘कशावरून?’ चुकलं तर काहीच बोलू नका. ते पान त्याच्याकडे राहू द्या. आणि शेवटी लहान बहिणीला किंवा भावाला ती वही वाचायला द्या. तो जिथे अडेल, तिथे एक ओळ वाढवायला सांगा.

त्या मुलीची वही आम्ही परत केली तेव्हा लाल फुली तशीच होती. शाई खोडता येत नाही. तिच्या शेजारी आम्ही लिहिलं: ‘पुढचं शून्य टाकलं तर हे वाक्य बरोबर आहे. तपासणाऱ्याने नीट वाचलं नाही.’ तिने ते वाचलं, वही दप्तरात घातली आणि दारातून परत फिरून विचारलं, “सर, पाच अंक घेतले तर?”

शोधाचा चौथा गुण तिथे दिला. आता तिची बेरीज नऊ आहे. पाच अंकांत एकही मुक्कामाची संख्या नाही, सगळ्या गाड्या गोलच फिरतात, हे आम्ही तिला अजून सांगितलेलं नाही.